पाखराचे गुणगान कुठे संपते? कीट्सच्या नाइटिंगेलविषयी

पाखरे, ऋतू, चांदणे यांच्यावरच्या कविता म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, असे आपल्या अभ्यासवर्गांत नेहमी ऐकू येते. ज्यांच्या वस्तीत पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी येतो, त्यांनी कोकिळेचे गाणे कशाला ऐकायचे, असा हा सवाल असतो. सवालामागचा राग आम्हाला समजतो. पण त्याच अभ्यासवर्गातला मुलगा इंग्रजी साहित्याचा पेपर देतो, तेव्हा गाइडमधले उत्तर पाठ करून लिहितो की जॉन कीट्सची 'ओड टू अ नाइटिंगेल' ही पलायनवादी कविता आहे. दोन्ही ठिकाणी निकाल एकच आहे आणि दोन्ही ठिकाणी कविता न वाचताच तो दिलेला आहे. आमचे म्हणणे असे की ही कविता पलायनाची नाही. पळून जाण्याचा प्रत्येक रस्ता ती तपासते आणि शेवटी माणसाच्या मरणाजवळ येऊन थांबते. पाखराची स्तुती करता करता कवी स्वतःपर्यंत कसा येतो, हे यात पायरीपायरीने दिसते. म्हणून ती नीट वाचली पाहिजे.

आधी कवी कोण होता ते पाहू. कीट्सचा जन्म १७९५ सालचा, लंडनचा. वडील भाड्याच्या घोड्यांचा तबेला सांभाळत. ते १८०४ मध्ये घोड्यावरून पडून गेले, आई १८१० मध्ये क्षयाने गेली. पोरगा औषधे देणाऱ्या वैद्याकडे उमेदवारीला लागला, मग लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात शिकला. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या हाताखाली तो जखमा बांधत असे, आणि तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. १८१६ मध्ये त्याला व्यवसायाचा परवाना मिळाला, पण तो कवितेकडे वळला. ऑक्सफर्ड-केंब्रिज नाही, ग्रीक भाषा येत नाही, आणि तरी ग्रीक पुराणांवर कविता लिहितो, हे तिथल्या प्रस्थापितांना खपले नाही. ऑगस्ट १८१८ मध्ये 'ब्लॅकवूड्स' या मासिकाने त्याला झोडपले. टीकेचा रोख कवितेवर होता तितकाच त्याच्या पायरीवर होता: उपाशी कवी होण्यापेक्षा उपाशी औषधवाला बरा, परत दुकानात जा आणि मलम-गोळ्या विक, असा सल्ला होता. 'आपल्या पायरीने राहा' हे वाक्य आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. या टीकेच्या धक्क्याने कीट्स मेला अशी एक दंतकथा पुढे पसरली. ती खोटी आहे. तो क्षयाने मेला, २३ फेब्रुवारी १८२१ रोजी, रोममध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी.

पण कवितेसाठी सर्वांत महत्त्वाची घटना वेगळीच आहे. त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने आजारी होता. कीट्सने त्याची शुश्रूषा केली आणि १ डिसेंबर १८१८ रोजी टॉम गेला, अवघ्या एकोणीस वर्षांचा. दुसरा भाऊ त्याच वर्षी अमेरिकेला निघून गेला होता. त्यानंतरच्या वसंतात, मे १८१९ मध्ये, ही कविता लिहिली गेली.

लिहिली कशी, त्याची हकिकत त्याचा मित्र चार्ल्स ब्राउन याने सांगून ठेवली आहे. हॅम्पस्टेडच्या घराजवळ नाइटिंगेलने घरटे केले होते. एका सकाळी कीट्सने न्याहारीच्या टेबलाजवळची खुर्ची उचलली, आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली गवतावर ठेवली आणि दोन-तीन तास तिथे बसला. आत आला तेव्हा हातात कागदाचे काही चिटोरे होते. या हकिकतीच्या तपशिलांवर वाद आहे. आमच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: बसला तो सकाळी, आणि कवितेत मात्र रात्र आहे. म्हणजे समोर दिसले ते जसेच्या तसे त्याने उतरवले नाही. रात्र त्याने निवडली. का निवडली, ते पुढे येईल.

पाखराबद्दलही दोन शब्द हवेत, कारण मराठीत नाइटिंगेलला सरसकट 'बुलबुल' किंवा 'कोकिळा' म्हणून टाकतात. हा पक्षी त्या दोन्हींपेक्षा निराळा आहे. चिमणीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, दिसायला साधा. हिवाळा आफ्रिकेत काढतो, एप्रिलच्या मध्याला इंग्लंडात येतो आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत गातो. झुडपात दडून गात असल्यामुळे तो दिसत नाही, ऐकू येतो. गाणारा नर असतो, आणि रात्री गाणारा बहुतेक वेळा जोडीदारीण न मिळालेला नर असतो. युरोपातले कवी मात्र शेकडो वर्षे या पाखराला दुःखी स्त्री मानत आले. आपल्याकडेही तेच घडले आहे: 'कुहू' करतो तो नर कोकीळ, आणि गाण्यांत गाते ती कोकिळा. म्हणजे कवी पाखराकडे येतो तेव्हा पाखराआधी परंपरा तिथे बसलेली असते. कीट्सनेही आपल्या पाखराला झाडावरची वनदेवी म्हटले आहे. पण त्याने एक जुनी गोष्ट टाकून दिली: त्याचे पाखरू दुःखी नाही. ते सुखात गाते. दुःखी आहे तो ऐकणारा.

आता कविता. दहा-दहा ओळींची आठ कडवी. 'ओड' म्हणजे कुणाला तरी उद्देशून, मान देऊन रचलेले स्तुतिकाव्य. त्यामुळे पहिली ओळ पाखराच्या कौतुकाची असेल अशी आपली अपेक्षा असते. तशी ती नाही. कविता कवीच्या छातीतल्या दुखण्यापासून सुरू होते. विष किंवा अफू घेतल्यासारखी बधिरता आली आहे, असे तो म्हणतो, आणि ही उपमा ज्याने औषधांच्या बाटल्या हाताळल्या आहेत त्याची आहे. मग लगेच खुलासा येतो: हे दुखणे तुझ्या सुखाचा हेवा वाटून आलेले नाही, तुझ्या सुखात मी जास्तच सुखी झालो म्हणून आले आहे. 'स्तुती आधी, चिंतन नंतर' असा सोपा आराखडा इथे पहिल्याच कडव्यात मोडतो. 'मी' सुरुवातीपासून आहे. पुढे बदलते ते त्या 'मी'ला स्वतःबद्दल काय कळते, ते.

दुसऱ्या कडव्यात तो वाइन मागतो. थंड तळघरात मुरलेली, दक्षिणेच्या उन्हाची चव असलेली. ती प्यावी आणि पाखराबरोबर रानाच्या अंधारात विरून जावे. पलायनवादाचा आरोप करणारे इथे थांबतात. पण तिसरे कडवे वाचा. कशापासून विरून जायचे? जे त्या पाखराला कधीच ठाऊक नव्हते त्यापासून. आणि मग ते काय आहे याची यादी येते: थकवा, ताप, एकमेकांचे कण्हणे ऐकत बसलेली माणसे, कंप सुटलेले म्हातारे, फिकट पडत, सुकत जाऊन मरणारे तरुण. हा शेवटचा तरुण कोण, हे सांगायची गरज नाही. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याच कवीने त्याला डोळ्यांसमोर जाताना पाहिले होते.

या कडव्यात एक गोष्ट आमच्या वाचनात फार महत्त्वाची ठरली. इथे 'मी' हा शब्दच नाही. टॉमचे नाव नाही, 'माझा भाऊ' नाही. सगळ्यांत वैयक्तिक दुःख सांगायच्या जागी कवीने 'आपण सगळे' अशी भाषा धरली आहे. आपल्या वाचकांना यात जरा, व्याधी आणि मरण दिसेल. कीट्सने बुद्ध वाचला होता असे आम्ही मुळीच सुचवत नाही. पण हॉस्पिटलच्या वॉर्डात उभा राहिलेला माणूस आणि रस्त्यावर म्हातारा, आजारी व प्रेत पाहिल्याची कथा ऐकत वाढलेला माणूस यांना हे कडवे वेगवेगळ्या बाजूंनी, पण एकाच ठिकाणी आणते. पळणारा माणूस मागे काय सोडले याची इतकी अचूक यादी करत नाही.

चौथ्या कडव्यात तो स्वतःच वाइन नाकारतो. दारू नको, कवितेच्या पंखांवर येतो, असे म्हणतो, पण बुद्धी जड आहे आणि मागे ओढते याची कबुलीही देतो. पाचवे कडवे हा कवितेचा सर्वांत शांत भाग आहे. अंधार आहे, पायाशी कोणती फुले आहेत ते दिसत नाही, वासावरून ओळखायचे आहे. रात्र का निवडली याचे उत्तर इथे मिळते. दिवसा डोळे पाखराला शोधत राहिले असते. अंधारात डोळे निकामी होतात, कान आणि नाक उरतात, आणि माणूस स्वतःच्या आत ढकलला जातो. हा अंधार हळूहळू शवपेटीसारखा वाटू लागतो. म्हणून सहाव्या कडव्यात मरण आले तरी ते अचानक येत नाही.

सहावे कडवे हे या कवितेचे वळण. कवी म्हणतो की मरणावर आपण अर्धेमुर्धे प्रेम करत आलो. आता, या गाण्यात, मध्यरात्री, वेदनेशिवाय संपून जाणे किती छान वाटते. ही स्तुतीची परमावधी आहे: तुझे गाणे इतके सुंदर की त्यात मरावे. आणि नेमक्या याच ठिकाणी तो हिशोब पुढे नेतो. मी मेलो तर तू गातच राहशील. माझे कान निरुपयोगी होतील. तुझ्या त्या उदात्त गाण्यापुढे मी मातीचे ढेकूळ होईन. इथे भुलावण संपते. मरणात गाणे ऐकू येत नाही. सुंदर मरणाची कल्पना करायलासुद्धा जिवंत कान लागतात. हा निष्कर्ष कवीने बाहेरून आणलेला नाही. पाखराची स्तुती शेवटपर्यंत नेली, म्हणून तो निघाला.

सातव्या कडव्यात तो पाखराला 'अमर' म्हणतो, आणि इथे टीकाकारांनी त्याला जुन्या काळापासून पकडले आहे. नाइटिंगेल काही वर्षांत मरते. जात म्हणून ती टिकते असे म्हणाल, तर माणूसजातही टिकतेच. मग फरक कसला? आक्षेप बिनतोड दिसतो, पण आम्हाला तो पटत नाही. कीट्स अमर म्हणतो ते आवाजाच्या संदर्भात. प्राचीन काळी हाच आवाज सम्राटाने ऐकला आणि खेडुतानेही ऐकला, असे तो सांगतो. नाइटिंगेलचे गाणे ऐकताना हे पाखरू कोणते, मागच्या वर्षीचे की नवे, हे आपल्याला कळत नाही. टॉमच्या जागी दुसरा तरुण आला तर तो टॉम नसतो. शिवाय पाखराला आपण मरणार हे ठाऊक असल्याची खूण त्याच्या गाण्यात नाही. माणसाला ते ठाऊक आहे. फरक आयुष्याच्या लांबीचा नाही, जाणिवेचा आहे. आणि ही जाणीव हाच कवीच्या चिंतनाचा विषय आहे.

याच कडव्यात रूथ येते. बायबलमधली रूथ ही मवाब देशाची विधवा. सासूबरोबर परक्या मुलखात, बेथलेहेमला येते आणि दुसऱ्याच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचून पोट भरते. सरवा म्हणजे काय हे आपल्या आज्यांना विचारा. सुगीनंतर मालकाच्या रानात सांडलेली कणसे वेचणाऱ्या बायकांत आपल्याच वस्तीतल्या किती होत्या, ते त्या सांगतील. बायबलमधली रूथ शेतात घराच्या आठवणीने रडत नाही. ती स्वखुशीने सासूबरोबर आली आहे. रडणारी रूथ ही कीट्सची भर आहे. पाखराचे गाणे कुणी कुणी ऐकले असेल याची यादी करताना त्याने राजा घेतला, खेडूत घेतला, आणि सगळ्यांत जास्त जागा दिली ती परक्या शेतात उभ्या असलेल्या भूमिहीन बाईला. या कवितेला पोट भरलेल्यांची कविता म्हणणाऱ्यांनी या ओळींचे काय करायचे ते सांगावे.

सातवे कडवे 'फॉर्लॉर्न' या शब्दावर संपते. अर्थ ओसाड, टाकलेले. दूरच्या, कल्पनेतल्या प्रदेशाचे वर्णन करताना तो वापरला आहे. आठवे कडवे त्याच शब्दाने सुरू होते, आणि तो शब्द घंटेसारखा वाजून कवीला स्वतःकडे परत आणतो. शब्द तोच, पण आधी तो परीकथेतल्या भूमीला लागू होता, आता कवीला लागू आहे. स्तुतीचे आत्मचिंतनात रूपांतर होते म्हणजे नेमके काय होते, हे एका शब्दात पाहायचे असेल तर इथे पाहावे. पाखरासाठी घडवलेली भाषा बोलणाऱ्यावर उलटते. मग कल्पनाशक्ती म्हणतात तितकी फसवू शकत नाही, अशी कबुली येते. पाखरू उडून जाते, कुरणावरून, ओढ्यावरून, टेकडीवरून पलीकडच्या खोऱ्यात. आणि कवी एका प्रश्नावर थांबतो: हे सगळे खरे दिसले की जागेपणीचे स्वप्न होते, आपण जागे आहोत की झोपलेले?

शेवटी पाखरू पाखरूच राहते, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. ते कवीच्या दुःखाचे प्रतीक होऊन त्याच्या खांद्यावर बसत नाही. त्याला कवीचा पत्ताही नाही. ते आपल्या कामाला दुसऱ्या खोऱ्यात गेले. खऱ्या आणि खोट्या आत्मचिंतनातला फरक इथे कळतो. खोट्यात पाखरू आरसा होते, कवीला त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो आणि तो खूश होतो. खऱ्यात पाखरू वेगळे राहते, आणि त्या वेगळेपणामुळे माणसाला आपली मर्यादा कळते.

मराठीत याच्या जवळ जाणारी कविता बालकवींची 'पारवा'. मोडकळीला आलेली धर्मशाळा, तिच्या कौलांवर एकटा घुमणारा पारवा, आणि ऐकता ऐकता स्वतःच्या जगाकडे वळणारा कवी. माझ्या जगात तापलेले वारे वाहतात आणि तुला त्याची जाणीव नाही, हे अंतर बालकवींनाही दिसले होते. कीट्सच्या तिसऱ्या कडव्यातले अंतर हेच. पण त्या कवितेत बुद्धाची प्रतिमाही येते, ती दुःखाच्या झोपेशी जोडून, आणि तिथे आम्ही अडतो. 'बुद्ध' या शब्दाचा अर्थच जागा झालेला असा आहे. दुःख पाहून ज्याला गुंगी आली तो बुद्ध नव्हे. दुःखाचे कारण शोधायला जो उठला तो बुद्ध. कविता म्हणून 'पारवा' मोठी आहे, त्यात शंका नाही. पण तिचे चिंतन विषादाच्या गुंगीत विसावते, तर कीट्स निदान 'मी जागा आहे का?' एवढे स्वतःला विचारतो. उत्तर त्याच्याजवळ नव्हते. मरणाची जाणीव होणे आणि दुःखाच्या निवारणाचा मार्ग सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कीट्सकडे मागू नये.

आमच्या तरुण मित्रांना यातून एक कामाची गोष्ट सांगतो. जयंतीच्या स्मरणिका उघडून पाहा. स्तुतीच्या कविता आपणही भरपूर लिहितो. सूर्य, महामानव, प्रज्ञेचा सागर अशी विशेषणे एकावर एक रचतो आणि शेवटची ओळ पहिल्या ओळीइतकीच जागच्या जागी असते. कुणाची तरी थोरवी शेवटपर्यंत गाऊन झाली की आपण त्याच्यासमोर कुठे उभे आहोत हा प्रश्न यायलाच हवा. तो आला नाही तर स्तुती अर्धी सोडली असे समजावे. कविता वाचताना किंवा लिहिताना तीन ठिकाणी बोट ठेवून पाहा: 'मी' कुठे येतो आणि कुठे मुद्दाम गाळला आहे, स्तुतीचा कोणता शब्द शेवटी बोलणाऱ्याला लागू पडतो, आणि ज्याची स्तुती केली तो शेवटी स्वतंत्र राहतो की आपल्या सोयीचा होतो.

नाइटिंगेलची कविता या तिन्ही ठिकाणी टिकते. ती लिहिणाऱ्याला औषधाच्या दुकानात परत जा म्हणून सांगितले गेले होते. तो गेला नाही. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८२० मध्ये, खोकल्यातून रक्त पडले तेव्हा त्या दुकानात आणि हॉस्पिटलात शिकलेल्या डोळ्यांनी त्याने ते ओळखले, आणि आपले मरण आले हे जाणले. पण त्याची तोंडओळख त्याने त्या मेच्या कवितेतच करून घेतली होती.